गणपती झाले की कळवतो

आइंडहोवन,
बुधवार, 17 सप्टेंबर 2025

ती. सौ. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, काल तुझा फोन झाल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तुझा आवाज फार पडला होता. "तेवीस दिवस झाले गं. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणावं माणसानं," हे तू चिपळूणच्या स्थळाबद्दल तीनदा म्हणालीस. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, कारण अभी तिथेच बसला होता आणि त्याच्या लग्नाचं त्याच्यासमोर असं तोलून बोलणं मला बरं वाटेना. म्हणून लिहिते आहे. सवडीनं वाच आणि बाबांनाही दे.

रात्री मी एक केलं. स्वयंपाकघरात लावलेलं कालनिर्णय काढून टेबलावर घेतलं आणि चिपळूणला तुम्ही गेलात त्या दिवसापासून एकेक चौकोन बघत गेले. बघण्याचा कार्यक्रम झाला 24 ऑगस्टला, रविवारी. भाद्रपदाचा तो पहिलाच दिवस. सोमवार मोकळा होता. मंगळवारी हरतालिका. बुधवारी, 27 ला, गणपती बसले. कोकणातल्या घरात गणपतीच्या आधीचे दोन दिवस म्हणजे काय असतं ते तुला मी सांगायला नको. माळा उतरवायचा, मखर लावायचं, माटी बांधायची, आणि मुंबईहून सगळी चाकरमानी मंडळी येणार म्हणून अंथरुणं काढून उन्हात टाकायची. तीही ऊन पडलं तर. पुढे 31 ला गौरी आल्या आणि 2 सप्टेंबरला गेल्या.

आता यातली गोम बघ. निघताना मुलीची आई तुला म्हणाली, "गणपती झाले की कळवतो." आपल्याकडे गणपती दीड दिवसांचे. 28 तारखेला संध्याकाळी बाबांनी विसर्जन केलं आणि त्या क्षणी तुझ्या मनातलं घड्याळ सुरू झालं. पण तूच मला त्या रविवारी रात्री फोनवर कौतुकानं सांगितलं होतंस की त्यांचे गणपती अनंतापर्यंत असतात, चुलत घरं धरून सगळ्यांचा मिळून एक गणपती, रोज रात्री आरतीला पन्नास माणूस. म्हणजे त्यांचे "गणपती झाले" 6 सप्टेंबरला, शनिवारी. दुसऱ्या दिवशी रविवारी पौर्णिमा आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण. सोमवारपासून पितृपक्ष. त्यांच्यासारख्या घरात पितृपक्षात लग्नाचा होकार कोणी तोंडातून काढत नाही, आणि नकारही बहुतेक काढत नाहीत, कारण तो विषयच त्या पंधरा दिवसांत बाजूला ठेवतात. तू स्वतः माझ्या वेळी पितृपक्षात आलेलं पाकीट उघडून पत्रिका कपाटात ठेवली होतीस आणि घटस्थापनेनंतरच बाबांना दाखवली होतीस.

तेव्हा तुझ्या तेवीस दिवसांपैकी ते लोक खरोखर फोन करू शकले असते असा दिवस मला एकच सापडला, सोमवार 25 ऑगस्ट. तोही कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांनी दिरंगाई केली म्हणायला मला तरी जागा दिसत नाही. ते होकारच देणार आहेत असं मी म्हणत नाहीये हं. मी एवढंच म्हणते की या शांततेतून होकारही निघत नाही आणि नकारही. ती पंचांगाची शांतता आहे.

आता त्यांच्या मेसेजकडे येते. तू तो मला पुढे पाठवलास आणि खाली लिहिलंस, "वाच आणि सांग, गोड बोलून टाळतायत ना?" मी तो बरेचदा वाचला. तू 5 तारखेला विचारलंस, "गणपती कसे चालू आहेत? बाकी विचार काय?" मुलीच्या वडिलांचं उत्तर आलं 9 तारखेला: "नमस्कार ताई. गणपती छान पार पडले. आपल्याकडे सर्व क्षेम ना? घरात थोडं बोलणं बाकी आहे. पुढच्या पंधरवड्यात कळवतो. चि. अभिजितना आशीर्वाद."

तुझा सगळा जीव अडकला तो "बोलणं बाकी आहे" या तीन शब्दांत. तू म्हणालीस, म्हणजे मुलीच्या मनात नाही, आणि हे लोक तिची समजूत घालतायत. आई, हे त्या वाक्यात कुठेच नाही. ते तू घातलंस. वाक्यात आहे ते इतकंच की घरात बोलणं बाकी आहे. कोणाशी, ते लिहिलेलं नाही. पण कार्यक्रमात बाबांनी काय ऐकलं होतं ते आठव. मुलीचे मोठे काका मुंबईला असतात, घरातले निर्णय त्यांना विचारून होतात, आणि ते गणपतीला येणार होते. आता समजा ते आले. त्या दहा दिवसांत पन्नास माणसांच्या घरात दोन भावांना निवांत बसून बोलायला वेळ मिळाला नसेल, किंवा त्यांनी मुलाला एकदा मुंबईत किंवा पुण्यात भेटतो म्हटलं असेल, किंवा खरंच मुलगी विचार करत असेल. तिन्ही शक्य आहे. मला कुठलं खरं ते इथून सांगता येत नाही, आणि तुलाही तिथून येत नाही.

"पुढच्या पंधरवड्यात" हा शब्द मात्र मला फार बोलका वाटला. तू तो "पंधरा दिवसांत" असा वाचलास आणि रोज एक दिवस वजा करत बसलीस. ज्यांच्याकडे तिथीनं बोलतात त्यांच्या तोंडी पंधरवडा म्हणजे पक्ष. 9 तारखेला भाद्रपदाचा वद्यपक्ष चालू होता. त्याच्या पुढचा पंधरवडा म्हणजे अश्विन शुद्ध, जो सोमवारी 22 तारखेला घटस्थापनेला सुरू होतो आणि कोजागरीच्या, म्हणजे 6 ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. त्या माणसानं आपल्या भाषेत तारीख दिली आहे. "बघू", "सांगतो", "सवडीनं बोलू" असं लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

मी इतकी वर्षं नात्यातली स्थळं बघते आहे, आणि माझ्या मते ओळखायची जागा हीच आहे. गोडवा सगळेच घालतात, तो जमेस धरायचा नाही. "आम्हाला माणसं फार आवडली," "मुलगा अगदी घरातला वाटला," हे पाहुण्यांना दारापर्यंत सोडताना आपणही म्हणतो. बघायचं ते हे की बोलणाऱ्यानं स्वतःला कशात बांधून घेतलं का. एखादी तारीख दिली, एखाद्या माणसाचं नाव घेतलं, काही मागितलं, काही विचारलं, तर तिथे बोलणं जिवंत आहे. त्यांनी अभीच्या ऑफिसच्या वेळा विचारल्या होत्या, पुण्यातलं घर भाड्याचं की स्वतःचं ते विचारलं होतं, आणि मुलगी स्वतः म्हणाली होती की "माझ्या बँकेतल्या बदलीचं बघावं लागेल." ज्या घरी लग्न करायचंच नाही त्या घराच्या गावी बदली मिळेल का याची चिंता कोणी करत नाही. हा होकार नाही, पण हे खऱ्या विचाराचं लक्षण आहे. आणि बदलीचं कळायला वेळ लागतो, ते तिच्या हातातही नसतं.

नकाराचीही आपली ठरलेली भाषा आहे, ती तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. "तुमच्याकडे दुसरं चांगलं स्थळ आलं तर आमच्यासाठी अडून राहू नका." "मुलगी एवढ्यात करायचं नाही म्हणते." "योग नव्हता म्हणायचं." आणि सगळ्यात जुनं म्हणजे पत्रिका. पत्रिकेचं नीट लक्षात ठेव. आपली पत्रिका त्यांच्या गुरुजींनी जुलैतच बघितली, 24 गुण जमले, नाडी वेगळी आली, आणि त्यानंतरच त्यांनी आपल्याला बोलावलं. त्यामुळे आता यापुढे जर कधी "पत्रिका जुळत नाही हो" असं आलं, तर तो सरळ नकार समजायचा. गुरुजींचं नाव विचारायचं नाही, आपल्या गुरुजींकडून पुन्हा दाखवून घेऊ असं म्हणायचं नाही. पत्रिकेवर ढकलून त्यांनी दोन्ही घरांची अब्रू राखलेली असते. मुलात खोट काढली नाही, मुलीचं मन उघडं केलं नाही, ग्रहांना पुढे केलं. तो त्यांचा चांगुलपणा समजून आपण मान तुकवायची. यातलं एकही वाक्य अजून चिपळूणहून आलेलं नाही, एवढं मात्र खरं.

मी हे इतकं धरून बसले आहे त्याला कारण आहे. आपल्याच घरात दोन्ही बाजूंनी चुका झाल्या आहेत.

माझ्या वेळचं आठवतं ना? ते कोल्हापूरचं स्थळ. त्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "आम्हाला मुलगी पसंत आहे, फक्त घरी बोलून कळवतो." बाबांनी त्यातलं "पसंत आहे" तेवढं ऐकलं. "फक्त" नंतरचं वाक्य त्यांच्या कानावरून गेलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कार्यालयात जाऊन मे महिन्याच्या दोन तारखा धरून ठेवल्या, आत्याला सांगितलं, आत्यानं आणखी चौघींना सांगितलं. महिन्यानं त्यांचं पत्र आलं, मुलगा दोन वर्षं थांबायचं म्हणतो. त्या लोकांनी आपल्याला फसवलं नव्हतं बाबा. त्यांनी जे सांगितलं होतं ते अर्धंच आपण घेतलं होतं. पण भोगलं ते मी. बाजारात, देवळात, लग्नकार्यात, "काय गं, कोल्हापूरचं ठरलं होतं ना?" हा प्रश्न मला वर्षभर ऐकावा लागला. अजूनही तो आठवला की माझ्या पोटात कालवतं.

आणि आत्याच्या सुहासदादाचं उलट झालं. तिकडून तीन आठवडे काही कळेना. आत्यानं ते मनाला लावून घेतलं आणि मध्यस्थाकडून निरोप पाठवला की "आम्ही दुसरीकडे ठरवतो आहोत." दुसरीकडे काही ठरत नव्हतं, नुसता राग होता. मागाहून कळलं की मुलीची आजी गेली होती, घरात सुतक होतं. लग्नाचं बोलणं चालू असलेल्या नव्या घरी अशी बातमी कशी कळवायची, अपशकुन म्हणतील, म्हणून त्यांनी ती कळवली नाही. तेरावं झाल्यावर ते फोन करणारच होते, त्याआधी आत्याचा निरोप पोचला. ती मुलगी नंतर साताऱ्याला दिली. आत्या अजून तिचं नाव निघालं की गप्प होते.

या दोन गोष्टींमुळे मला वाटतं की न बोललेल्या जागेत आपण आपली भीती भरतो, नाहीतर आपली हौस भरतो. बाबांनी हौस भरली, आत्यानं भीती. चिपळूणच्या बाबतीत तू सध्या आत्याच्या वाटेनं चालली आहेस, म्हणून मला काळजी वाटते.

इथलं एक सांगते. आमच्या शेजारी एक डच आजी राहतात, फार मायाळू. मी नवीन आले तेव्हा त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं. त्यांनी डायरी काढली, पान बघितलं आणि म्हणाल्या, "नको. त्या संध्याकाळी माझं काही नाहीये, पण मला घरीच बसायचं आहे." मी घरी येऊन रडले होते. आपल्याकडे असं कोणी म्हणेल का? निदान "बघते हं, जमलं तर नक्की येते" तरी म्हणेल. पुढच्या रविवारी त्याच आजी सफरचंदाचा केक घेऊन दारात उभ्या. तेव्हा मला कळलं की त्यांचा नकार फक्त त्या शनिवारला होता, मला नव्हता. आता इतक्या वर्षांनी माझे कान इथल्या बोलण्याला इतके सरावले आहेत की तुझा मेसेज वाचून माझ्याही मनात पहिलं तेच आलं, हे लोक सरळ का सांगत नाहीत? मग मीच स्वतःला थांबवलं. ते सरळच सांगतायत, फक्त आपल्या पद्धतीनं. समोरच्याला दुखवायचं नाही, शब्द द्यायचा तर पुरा करता आला पाहिजे, आणि मोठ्या भावाच्या आधी आपण बोलायचं नाही. त्या बोलीला तिच्याच नियमानं वाचायला हवं.

आता आई, तुला जरा लागेल असं विचारते. निघताना तू त्यांना काय म्हणालीस?

त्या रात्री तू सगळं सांगितलं होतंस, म्हणून मला आठवतं. ओल्या खोबऱ्याचे पोहे, पन्ह्याऐवजी कोकम सरबत, कुंभार्ली घाटात धुकं म्हणून बाबांना लवकर निघायची घाई. चपला घालताना मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग आपला विचार?" आणि तू म्हणालीस, "बघू या, योग असेल तर होईल." बाबा म्हणाले, "मुलांना एकदा बोलू दे."

आई, हेच वाक्य जर त्यांनी आपल्याला म्हटलं असतं तर तू त्याचा काय अर्थ काढला असतास? "योग असेल तर होईल" हे आपण तिथे म्हणतो जिथे होऊ नये असं वाटतं. तुझ्या मनात तसं नव्हतं, तुला मुलगी फार आवडली होती, गाडीत बसल्या बसल्या तू अभीला तसं म्हणालीस. पण ते गाडीत म्हणालीस, त्यांच्या अंगणात नाही. आपण मुलाकडचे. अजूनही आपल्याकडे पहिला शब्द मुलाकडून यावा अशी अपेक्षा असते, ती बरोबर की चूक ते राहू दे. त्यांनी विचारलं, आपण मोघम उत्तर दिलं. त्यानंतर तू मेसेजमध्ये "बाकी विचार काय?" असं विचारलंस, पण आपला विचार काय ते त्यातही लिहिलं नाहीस. कदाचित चिपळूणला ती माऊली आत्ता हेच म्हणत असेल, "सांगलीकरांचं काही कळत नाही बाई. नुसतंच योगबिग म्हणाल्या."

मी ही शक्यता म्हणून सांगते. पण आपल्या हातात काही असेल तर ते एवढंच आहे. त्यांचं मन आपल्याला वाचता येणार नाही, आपलं मन आपण सांगू शकतो.

म्हणून असं कर. रविवारी 21 ला सर्वपित्री आहे. तोपर्यंत काहीच नको. फोन नको, मेसेज नको, देवीचा फोटो किंवा सुप्रभातही नको. घटस्थापना होऊ दे. दसरा 2 ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. तोवर त्यांचा फोन आला तर उत्तमच. नाही आला तर शुक्रवारी 3 तारखेला नलूमावशीला फोन करायला सांग. तू स्वतः करू नकोस. तू केलास तर त्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल, आणि तिथल्या तिथे दिलेलं उत्तर पुन्हा गोड आणि मोघमच येईल. मध्यस्थ त्यासाठीच असतो, त्याच्यापाशी माणूस "नको" म्हणू शकतो.

पण नलूमावशीचंही एक आहे. ती मायेपोटी शब्द मऊ करते. तिकडे कोणी "बघतो" म्हटलं की आपल्यापर्यंत "जवळजवळ होकारच आहे" असं येतं, आणि आपण "घाई नाही" म्हटलं की तिकडे "त्यांचं नक्की आहे" असं जातं. तिचा हेतू चांगलाच असतो, पण दोन्ही टोकांना खोटी आशा लागते. तेव्हा तिला सांग, निरोप जसाच्या तसा दे आणि उत्तरही शब्दाला शब्द आण, तिचं मत तिनं नंतर वेगळं सांगावं. निरोप मी लिहून देते, हवा तर बदल:

"आमच्याकडून होकार आहे. मुलगी आम्हाला मनापासून आवडली. तुमचं अजून ठरायचं असेल तर वेळ घ्या, फक्त साधारण कधीपर्यंत ते सांगा. आणि जमत नसेल तर तेही मोकळेपणी सांगा, आमच्या मनात काही राहणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. मला माहीत आहे तुला ते म्हणताना अपशकुन वाटेल. पण नकार द्यायला सोपी वाट ठेवली नाही तर माणसं नकाराऐवजी गप्प राहणं पसंत करतात, आणि तेच तर आपल्याला नको आहे. मात्र ते म्हणायचं तर खरंच मनात काही ठेवायचं नाही. मिरजेच्या आत्याबाईंकडे जाऊन "एवढा काय रुबाब" असं म्हणायचं नाही. आणि दुसरं स्थळ आलंय असं त्यांच्या कानावर घालायचं नाही. तू सहज सांगशील, पण तिकडे ते धमकीसारखं पोचेल.

इस्लामपूरच्या त्या मंडळींचं म्हणतेस तर त्यांना आजच्या आज कळव. त्यांना तू पंधरा दिवस "कळवते" म्हणून ठेवलं आहेस. ते लोक आत्ता आपल्या मेसेजचा काथ्याकूट करत असतील. त्यांना स्वच्छ सांग की एका ठिकाणी बोलणं चालू आहे, कोजागरीपर्यंत कळेल, तुम्ही थांबू शकत नसाल तर आमची काही हरकत नाही.

नलूमावशीच्या फोननंतरही कोजागरीपर्यंत काही आलं नाही, तर मग मीही म्हणेन की त्यांच्याकडून नाही. आपण स्पष्ट शब्द दिला, स्पष्ट विचारलं, त्यांनीच म्हटलेला पंधरवडा गेला. त्यानंतरचं गप्प राहणं हे उत्तर धरायला हरकत नाही. तेव्हा पुन्हा कोणाकडून चौकशी करायची नाही, पत्रिकेची प्रत परत मागायची नाही. आणि मुहूर्ताची घाई मनात आणू नकोस. तसेही मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरच निघतात, आणि तुळशीची लग्नं यंदा 2 नोव्हेंबरपासून आहेत. तोवर कुठल्याच घराचं काही अडत नाही.

अभीचंही थोडं. तो म्हणाला की 25 तारखेला तिच्याशी अर्धा तास फोनवर बोलणं झालं, छान झालं, आणि मग तिचा मेसेज आला, "गणपतीची गडबड आहे, नंतर निवांत बोलू." तेव्हापासून तू रोज त्याला विचारतेस, काही आलं का, ती ऑनलाइन दिसते का. काल तर मेसेजच्या दोन निळ्या खुणा बघून "वाचूनही उत्तर देत नाही" म्हणालीस. आई, ती बँकेत दिवसभर खिडकीवर बसते. कोणाचा मेसेज कधी उघडला याचा हिशोब तिच्या डोक्यात नसतो. शिवाय घरची मोठी मंडळी काही ठरवत नाहीत तोवर आपण फार बोलू नये असं तिला वाटत असेल, किंवा तिला अभीबद्दल अजून नक्की वाटत नसेल. तसं असेल तर तो तिचा हक्क आहे. मला तेव्हा कोणी इतका वेळ दिला असता तर मला फार बरं वाटलं असतं. अभीला म्हणावं, घटस्थापनेनंतर त्यानं स्वतःहून एक साधा मेसेज करावा, "नवरात्र कसं चाललंय? बदलीचं काही कळलं का? सवड मिळाली की बोलू." तिनं स्वतः बोलून दाखवलेली अडचण त्याच्या लक्षात आहे, एवढं तिला कळलं तर पुरे. त्यानंतर त्यानं उत्तराची वाट बघावी, आणि तू त्याच्या फोनकडे बघू नकोस.

बाबा, तुम्हाला एकच विनंती. कार्यालयात चौकशीलासुद्धा जाऊ नका. तुम्हाला तारीख हातची जाईल अशी भीती वाटते ते मला कळतं, पण आपल्या गावात कार्यालयाचा मॅनेजर म्हणजे वर्तमानपत्रच आहे.

रविवारी आजोबांचं पान वाढशील तेव्हा खीर थोडी जास्त कर. त्यांना दाट लागायची. इथे आता सकाळी गार व्हायला लागलंय, सायकलवर जाताना हातमोजे लागतात. मुलं मजेत आहेत. मी शुक्रवारी 3 तारखेला रात्री तुमच्या नऊला फोन करते. नलूमावशीला संध्याकाळी सहानंतर फोन करायला सांग, तोवर ती मुलगी बँकेतून घरी आलेली असेल. काय उत्तर आलं ते मला तिच्याच शब्दांत सांग, आणि तुला काय वाटतं ते नंतर सांग.

तुझी,
मनू